चाळ म्हणजे कोणती चाळ?

मराठीत ‘चाळ’ हा शब्द तीन ठिकाणी राहतो. मुंबईत त्यात माणसं राहतात, लावणीत तो नाचणारीच्या पायात असतो आणि आमच्या नाशिक जिल्ह्यात त्यात कांदा राहतो. मराठी माणसाला कुठला चाळ नि कुठली चाळ हे सांगावं लागत नाही, कारण बोलताना आजूबाजूचे शब्द ते काम करतात. यूट्यूबवर मात्र आजूबाजूचे शब्द आपणच लिहायचे असतात. आणि ते एकाच ठिकाणी नाही, पाच ठिकाणी.

माझे मामा निफाड तालुक्यात कांदा करतात आणि गेली काही वर्षं त्यावर व्हिडिओही करतात. शूटिंग आणि एडिटिंग मामेभाऊ करतो. मी पुण्यात नोकरी करते. माझ्याकडे फक्त शेवटचा अर्धा तास असतो: व्हिडिओ चढवून झालेला आहे, अजून खाजगी आहे आणि मामांना घाई झालेली आहे, तो अर्धा तास. त्या वेळात मी एक यादी घेऊन बसते. शीर्षक, वर्णन, टॅग, भाषा आणि थंबनेल या पाचही गोष्टी एकच सांगतायत का, एवढंच ती यादी विचारते. वाचायला दोन मिनिटं लागतात, पण तिच्यावरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी बांधाच्या वाटणीवरूनही झाली नसतील.

यादी कशातून आली, ते आधी सांगते. मी या कामात पडण्याच्या आधीची गोष्ट आहे. मामांनी एकपाखी कांदा चाळ बांधताना एक व्हिडिओ केला होता. ज्यांनी चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी: एकपाखी चाळीत कांद्याची एकच लांब ओळ असते. दुपाखी चाळीत दोन ओळी असतात आणि मधून माणसाला जायला आणि हवा खेळायला मोकळी वाट सोडलेली असते. दोन्हींत एक मोठा फरक दिशेचा आहे. एकपाखी चाळीची लांबी दक्षिणोत्तर ठेवायची आणि दुपाखीची पूर्व-पश्चिम, असं कृषी विभागाची माणसं सांगतात. मामांनी व्हिडिओत नीट सांगितलं होतं, ‘आपली ही एकपाखी, म्हणून आपण उत्तर-दक्षिण धरली.’ बोलण्यात काहीच चूक नव्हती.

पण शीर्षक होतं ‘कांदा चाळ कशी बांधावी’. आणि थंबनेलवर फोटो होता गावातल्या एका मोठ्या, देखण्या दुपाखी चाळीचा, कारण मामांची स्वतःची चाळ तेव्हा अर्धवट होती आणि फोटोत बरी दिसत नव्हती.

काही महिन्यांनी नगरकडून एका शेतकऱ्याचा फोन आला. दुपाखी चाळीचे खांब रोवून झाले होते. मधली वाट किती फूट सोडायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बोलता बोलता कळलं की खांब त्यांनी उत्तर-दक्षिण रोवलेत. का? तर ‘तुमच्याच व्हिडिओत बघितलं.’ त्यांनी चित्र बघितलं होतं, ती चाळ त्यांना हवी होती आणि व्हिडिओ पुढे सरकवत सरकवत ते थेट दिशेच्या वाक्यावर गेले होते. ‘आपली ही एकपाखी’ हे आधीचे तीन शब्द ऐकायची त्यांना गरजच वाटली नाही, कारण चाळ कोणती ते थंबनेलने सांगून टाकलं होतं. मामांनी खरं सांगितलं होतं, चित्रही खऱ्या चाळीचं होतं. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या आणि त्यांतून एक खोटी गोष्ट तयार झाली. खांब उपटावे लागले.

मामांनी त्या रात्री थंबनेल बदललं. यूट्यूबवर ते कधीही बदलता येतं. शीर्षक, वर्णन, टॅग, भाषासुद्धा. पण तोवर तो व्हिडिओ कितीतरी व्हॉट्सॲप गटांवर फिरला होता. आणि व्हॉट्सॲपवर लिंकखाली जे छोटं चित्र आणि शीर्षक दिसतं, ते पाठवण्याच्या क्षणाला जे होतं तेच असतं. आपण मागून कितीही दुरुस्ती केली तरी त्या जुन्या मेसेजमध्ये जुनंच चित्र राहतं. शेतकऱ्यांचे बरेच व्हिडिओ शोधून नाही तर अशा गटांतून पाहिले जातात. म्हणून ही तपासणी प्रकाशित करण्याआधीची. नंतरची अर्ध्याच लोकांपर्यंत पोचते.

आता यंदाचंच उदाहरण घेऊ. व्हिडिओ चौदा मिनिटांचा. विषय: एकपाखी चाळीचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट वर का घ्यायचा आणि तो कसा बांधायचा. उन्हाळी कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चांगल्या भावाची वाट बघत पावसाळाभर चाळीत राहतो. तो जमिनीवरच ओतला तर खालच्या थरात ओल आणि उष्णता कोंडते, कांदा तिथून सडायला लागतो आणि वरून काहीच दिसत नाही. तळ उचलून त्याला फटी ठेवल्या की हवा खालून शिरते आणि थरांमधून वर जाते. थरही चार-पाच फुटांहून उंच करायचा नाही, नाहीतर खालचा कांदा वरच्याच्या ओझ्याने दबतो. मामांनी हे सगळं दाखवलंय. मामी टेप धरून उभ्या आहेत, बांबूच्या पट्ट्या ठोकल्या जातायत, दोन पट्ट्यांमधल्या फटीतून मामांची बोटं खालून वर येतात. सुंदर व्हिडिओ आहे.

यादीतलं पहिलं काम या पाच गोष्टींपैकी एकही नाही. पहिलं काम असं की मी पूर्ण व्हिडिओ बघते आणि एक वाक्य लिहिते: हा व्हिडिओ कोणाला, काय दाखवतो? यंदाचं वाक्य होतं, ‘ज्याला छोटी एकपाखी कांदा चाळ बांधायची आहे, त्याला तळ दीड-दोन फूट उंच कसा बांधायचा ते दाखवतो.’ हे वाक्य कुठेही छापलं जात नाही. ते नुसतं मोजपट्टीसारखं शेजारी ठेवायचं. कारण नुसतं ‘पाचही गोष्टी एकमेकींशी जुळतात का’ एवढंच विचारलं तर फसायला होतं. पाच साक्षीदार ठरवून एकच खोटं बोलू शकतात. शीर्षकात लाख, थंबनेलवर लाख, वर्णनात लाख. जुळलं की सगळं! म्हणून प्रत्येक गोष्ट या वाक्याशी जुळवायची आणि वाक्य व्हिडिओशी.

मामेभावाने दिलेलं शीर्षक होतं, ‘कांदा सडणारच नाही! अशी चाळ बांधा, लाखो कमवा’. मी वाक्य शेजारी ठेवलं. कांदा सडणारच नाही, असं मामा चौदा मिनिटांत एकदाही म्हणत नाहीत. सड कमी होते असं म्हणतात. भावाबद्दल अवाक्षर नाही. तळाबद्दल चौदा मिनिटं आहेत आणि शीर्षकात तळ नाही. भाऊ म्हणाला, ‘ताई, असं लिहिलं नाही तर कोण उघडणार?’ हा प्रश्न खोटा नाही. मोठं आश्वासन दिलं की बोट थांबतं, हे त्याला अनुभवाने माहीत आहे. मात्र डिसेंबर २०२४मध्ये यूट्यूबनेच भारतापुरतं जाहीर केलं की शीर्षक किंवा थंबनेल एक कबूल करतं आणि व्हिडिओत ते नसतंच, अशा प्रकारांवर ते कारवाई वाढवणार आहेत. त्यांचा मुख्य रोख बातम्या आणि चालू घडामोडींवर होता, कांद्यावर नव्हता. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मग आपल्याला काय?’ आपल्याला नगरचे खांब, असं मामा मागून म्हणाले.

शेवटी ठरलं: ‘एकपाखी कांदा चाळ: तळ दीड-दोन फूट उंच कसा बांधायचा?’ यात ‘एकपाखी’ सगळ्यात पुढे आहे, कारण फोनवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं. जो शब्द नसला तर माणूस चुकेल, तो शब्द कापला जाणार नाही अशा जागी हवा. ‘कांदा’ हा शब्द ‘चाळ’च्या आधी हवाच, नाहीतर गिरगावातल्या चाळीतलं बालपण शोधणारा माणूस आमच्या बांबूंवर येऊन आदळतो. आणखी एक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोजणी आपल्यासारखी होत नाही. आपल्याला ‘कांदा’ दोन अक्षरी वाटतो. मशीन क, काना, अनुस्वार, द, काना असे पाच मोजतं. आमचं हे शीर्षक त्या मोजणीत बरोबर ५० भरतं. म्हणजे देवनागरीत शंभराची मर्यादा वाटते त्यापेक्षा बरीच लवकर येते, आणि शेवटच्या क्षणी शीर्षक कापायची वेळ आली की हमखास ‘एकपाखी’सारखा शब्दच उडवला जातो, कारण तो दिसायला रुबाबदार नसतो.

नंतर थंबनेल. भावाने केलेलं चित्र असं होतं: मागे ड्रोनने काढलेली मोठी चाळ, पुन्हा दुपाखीच! पुढे सडलेला कांदा, कोपऱ्यात डोळे विस्फारलेले मामा, लाल बाण आणि उजव्या कोपऱ्यात खाली ‘लाखोंचा फायदा’. त्या उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं, म्हणजे ‘फायदा’ त्या काळ्या चौकोनाखाली गेला असता आणि नुसते ‘लाखोंचा’ उरले असते. मामांना हे फार आवडलं.

थंबनेलला मी दोन प्रश्न विचारते. एक: या चित्रातली वस्तू व्हिडिओत आहे का, आणि तीच आहे का? ‘तशीच एक’ चालत नाही. दोन: शब्द झाकून नुसतं चित्र बघितलं तर माणूस कोणता व्हिडिओ समजेल? कारण पुष्कळ लोक आधी चित्र बघतात आणि वाचण्याआधीच ठरवतात. ड्रोनचं चित्र दोन्ही प्रश्नांत नापास झालं. त्याऐवजी आम्ही व्हिडिओतलाच क्षण घेतला, मामींच्या हातातली टेप जमिनीपासून बांबूच्या तळापर्यंत ताणलेली. वर डाव्या बाजूला तीन शब्द, ‘तळ किती उंच?’ चित्र १२८० बाय ७२० पिक्सेलचं असावं अशी शिफारस आहे, पण ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून ठरवू नये. मी ते मामांना फोनवर पाठवते आणि ते उन्हात उभं राहून, चष्मा न लावता बघतात. टेपवरचे आकडे त्यांना दिसले नाहीत, पण टेप दिसली. तेवढं पुरे होतं.

वर्णनात होणारी गडबड वेगळ्या जातीची असते. शीर्षक नि थंबनेल हौसेने केलं जातं, वर्णन मागच्या व्हिडिओवरून उचललं जातं. यंदाच्या वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी बरोबर होत्या. तिसऱ्या ओळीपासून मागच्या व्हिडिओची, कांदा काढणीची कथा सुरू होत होती: पात वाळवणं, मान कापणं. त्याखाली वेळांची यादी होती, तीही काढणीच्या व्हिडिओचीच. यूट्यूब अशा यादीवरून व्हिडिओचे भाग पाडतं. यादी ०:०० पासून सुरू व्हायला हवी, निदान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा. जुनी यादी या सगळ्या अटी पाळत होती. म्हणजे यंत्राने ती निमूट स्वीकारली असती आणि तळाचे बांबू ठोकताना पडद्यावर नाव आलं असतं ‘मान कशी कापायची’. कुठेही लाल अक्षरात चूक दाखवली गेली नसती. या पाच जागांपैकी कुठलीही जागा व्हिडिओत काय आहे हे तपासून तुम्हाला अडवत नाही, म्हणून तर माणसाने यादी घेऊन बसायचं.

वर्णनाच्या तळाशी आणखी एक ओळ होती: ‘अनुदानाची संपूर्ण माहिती व्हिडिओत.’ व्हिडिओत अनुदानाची माहिती नाही. आधीच्या कुठल्यातरी व्हिडिओत होती, आणि तेव्हापासून ती ओळ एका वर्णनातून दुसऱ्यात चालत आली. कांदा चाळीच्या अनुदानाच्या अटी बदलत असतात, त्यामुळे अशी ओळ जितकी जुनी तितकी महाग पडते. ती काढली. तिच्या जागी, अगदी वर, ‘आणखी’ दाबण्याआधी दिसेल अशा ठिकाणी एक वाक्य घातलं: ‘हा व्हिडिओ एकपाखी चाळीचा आहे. दुपाखी चाळीची दिशा वेगळी असते.’ व्हिडिओत काय नाही ते सांगायला शीर्षकात जागा नसते. वर्णनात असते, आणि बहुतेक लोक ती वाया घालवतात.

टॅगवर मी सगळ्यात कमी वेळ घालवते, आणि भाऊ सगळ्यात जास्त. यूट्यूबच्या मदतपानावरच लिहिलंय की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा फार थोडा असतो. एखाद्या शब्दाचं स्पेलिंग लोक हमखास चुकवत असतील तर त्यांचा उपयोग होतो. मराठीला हे नेमकं लागू पडतं, कारण मराठी माणूस शोधताना निम्म्या वेळा इंग्रजी लिपीत लिहितो आणि त्याला ठरलेलं स्पेलिंगच नाही. म्हणून आमचे टॅग असे असतात: kanda chal, kanda chaal, kanda chaali, ekpakhi chal, एक पाखी कांदा चाळ. जो माणूस आधीच हीच गोष्ट शोधतोय, त्याच्या बोटाच्या सवयीला धरून राहायचं.

भावाच्या टॅगमध्ये मात्र ‘आजचा कांदा भाव’, ‘लासलगाव’, ‘कर्जमाफी’ असं बरंच होतं. लासलगाव आमच्यापासून जवळ आहे, पण व्हिडिओत नाही. टॅग कोणाला दिसत नाहीत, मग काय बिघडतं, असं तो म्हणतो. माझी परीक्षा सोपी आहे: हा टॅग टाकून शोधणारा माणूस हा व्हिडिओ बघून समाधानाने उठेल का? भाव शोधणारा उठणार नाही. व्हिडिओशी संबंध नसलेले शब्द भरून लोकांना खेचणं यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही, आणि वर्णनात टॅगचा ढीग ओतणं तर नाहीच.

पाचवी जागा भाषेची, आणि हीच सगळ्यात लपलेली. व्हिडिओचा तपशील भरताना खाली Show more दाबल्याशिवाय ती दिसतही नाही. तिथे दोन वेगवेगळ्या सेटिंग आहेत. Video language म्हणजे व्हिडिओत कोणती भाषा बोलली जाते ती. Title and description language म्हणजे शीर्षक आणि वर्णन कोणत्या भाषेत लिहिलंय ती. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी ‘हिंदी’ होतं, प्रत्येक व्हिडिओला, सुरुवातीपासून. तालुक्याच्या गावच्या ज्या फोटो स्टुडिओवाल्याने मामांना चॅनेल उघडून दिलं, त्याने Upload defaults मध्ये एकदा हिंदी निवडलं होतं. ते कोणी बघितलंच नाही, कारण प्रत्येक नव्या व्हिडिओला ते आपोआप भरून येत होतं.

मराठी आणि हिंदी एकाच लिपीत लिहितात, त्यामुळे शीर्षकाकडे बघून काही खटकत नाही. खटकतं ते सबटायटलमध्ये. मामांच्या एका जुन्या व्हिडिओवर आपोआप तयार झालेली हिंदी सबटायटलं होती. मराठी बोलणं हिंदी समजून लिहिलं की काय होतं ते बघायला मिळालं. जे शब्द दोन्ही भाषांत आहेत तेवढे बरोबर, बाकीच्या ठिकाणी ओळखीच्या अक्षरांचं अनोळखी वाक्य. कमी ऐकू येणाऱ्या माणसाने ते वाचून चाळ बांधायला घेतली असती तर काय झालं असतं, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला.

भावाचा इथेही मुद्दा होता. ‘राहू दे ना हिंदी. हिंदीवाले जास्त आहेत.’ मला वाटतं सगळ्या यादीतला खरा वाद हा आहे. भाषेची सेटिंग म्हणजे आपल्याला कोणते प्रेक्षक हवेत त्याची इच्छा नाही. ते व्हिडिओत काय आहे याचं वर्णन आहे. ज्या क्षणी मामा तोंड उघडतात त्या क्षणी ती मराठी आहे. हिंदी प्रेक्षक हवा असेल तर सरळ रस्ता आहे: मूळ भाषा मराठी ठेवायची, हिंदी सबटायटलं नीट लिहायची आणि शीर्षकाचा हिंदी अनुवाद वेगळा भरायचा. मग ज्याचं यूट्यूब हिंदीत आहे त्याला हिंदी शीर्षक दिसतं आणि बोलणं समजायला खाली ओळीही असतात. त्याला फसवून आणलेलं नसतं.

पण अनुवाद भरला की यादीत एक ओळ वाढते. मूळ शीर्षक बदललं तरी अनुवाद आपोआप बदलत नाही. आमच्या एका व्हिडिओचं मराठी शीर्षक आम्ही दुरुस्त केलं, आणि ज्यांचं यूट्यूब इंग्रजीत होतं त्यांना जुनंच इंग्रजी शीर्षक दिसत राहिलं. आपल्याकडे फोन इंग्रजीत ठेवून मराठी बघणारे थोडे नाहीत. म्हणून आता शीर्षकाला हात लावला की अनुवादालाही लावायचा, आणि यूट्यूबची भाषा इंग्रजी करून एकदा बघायचं.

हे सगळं जुळलं की नाही ते नंतरही कळतं. मी दोन गोष्टी बघते. एक, लोक कोणते शब्द शोधून आले. स्टुडिओच्या आकडेवारीत ती यादी मिळते. तिथे ‘kanda chal’ दिसलं तर ठीक, ‘आजचा कांदा भाव’ दिसलं तर आपण कुठेतरी भावाचं बोललोय. दोन, पहिल्या तीस सेकंदांनंतर किती लोक उरले. चित्र बघून बरेच लोक आत येतायत आणि अर्ध्या मिनिटात निघून जातायत, म्हणजे दारावर एक पाटी आहे आणि आत दुसरं दुकान. नुसतं किती जणांनी उघडलं हा आकडा बघून हे कळत नाही. तो आकडा तर खोट्या पाटीने वाढतोच. यूट्यूबची तीन थंबनेलं पडताळून बघायची सोय आहे, तीही जास्त वेळा उघडलेलं चित्र निवडत नाही. ज्या चित्रावरून आलेले लोक जास्त वेळ बघतात ते निवडते.

याची किंमतही सांगायला हवी. ‘एकपाखी’ असं पुढेच लिहिल्यावर दुपाखीवाला आत येत नाही. ‘लाखो’ काढल्यावर नुसता कुतूहलाने बघणारा येत नाही. तळाचा व्हिडिओ मामांच्या भावाच्या व्हिडिओंइतका कधीच चालणार नाही, आणि भाऊ हे मला दर आठवड्याला सांगतो. यादीने व्हिडिओ चांगला होत नाही. बघणारेही वाढत नाहीत. जो माणूस येतो तो ज्यासाठी आला ते त्याला मिळतं, एवढंच ती करू शकते.

आज आमची यादी अशी आहे:

१. पूर्ण व्हिडिओ बघून एक वाक्य: कोणाला, काय दाखवतो?
२. शीर्षक: ज्या शब्दावाचून माणूस चुकेल तो पुढे आहे का? व्हिडिओत नसलेलं काही कबूल केलंय का?
३. थंबनेल: व्हिडिओतलीच वस्तू का? शब्द झाकून काय वाटतं? उजवा खालचा कोपरा रिकामा का?
४. वर्णन: मागच्या व्हिडिओचं काही उरलंय का? वेळा याच व्हिडिओच्या का? काय नाही ते लिहिलंय का?
५. टॅग: हा शब्द शोधणारा समाधानाने उठेल का?
६. भाषा: दोन्ही ठिकाणी मराठी का? अनुवाद आजचे का?

ज्याने व्हिडिओ एडिट केला त्याने ही यादी तपासायची नाही, हा सातवा नियम आम्ही लिहिलेला नाही पण पाळतो. चार दिवस तेच तेच बघितलेल्या माणसाला थंबनेलवरची दुपाखी चाळ दिसतच नाही, त्याच्या डोक्यात एकपाखीच असते. म्हणून मी फोनवर एकेक गोष्ट मोठ्याने वाचते आणि मामा ऐकतात. त्यांनी स्टुडिओ ॲप अजून उघडलेलं नाही आणि टॅग म्हणजे काय हे त्यांना नक्की माहीत नाही. पण आपण काय बोललो हे त्यांना पक्कं माहीत असतं. एखाद्या ओळीला ते म्हणतात, ‘हे मी कुठं बोललो?’ की ती ओळ तिथेच जाते. तळाच्या व्हिडिओच्या वेळी ते असं चार वेळा म्हणाले. पाचव्यांदा वाचलं तेव्हा नुसतं ‘हं’ म्हणाले, आणि मी तो सार्वजनिक केला.